थकव्याच्या आड दडलेली मर्यादा

शिक्षणशास्त्राचे मराठीतले प्रबंध चाळले, तर पहिल्या प्रकरणाच्या शेवटाकडे ‘व्याप्ती, मर्यादा व परिमर्यादा’ हे शीर्षक भेटतं आणि त्याखाली फार वेळा एकाच घडणीचं वाक्य असतं: ‘प्रतिसादकांचा थकवा, कंटाळा, मनःस्थिती व अभिरुची यांवर संशोधिकेचे नियंत्रण नव्हते.’ विषय गणिताचा असो वा व्याकरणाचा, वाक्य बदलत नाही. माझा आक्षेप असा की हे वाक्य मर्यादा सांगत नाही, खरी मर्यादा झाकून टाकतं. दोन्ही गटांतली मुलं सारखीच थकलेली असतील तर त्यांच्या तुलनेला धक्का बसत नाही. एका गटाची चाचणी पहिल्या तासाला आणि दुसऱ्याची शेवटच्या तासाला घेतली असेल, तर मात्र बसतो. मग तेच लिहायला हवं.

हे वाक्य टिकून राहतं याचं एक साधं कारण आहे. मर्यादा लिहिल्या जातात संशोधन आराखडा सादर करताना, म्हणजे प्रयोगाच्या आधी. पुढे आराखड्यातलं ते पान पहिल्या प्रकरणात जसंच्या तसं उतरतं. जे घडलंच नव्हतं त्याच्या मर्यादा आधी कशा कळणार?

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण असा आराखडा या क्षेत्रात सर्रास वापरला जातो. सहावीच्या दोन तुकड्या, शाळा एकच. ‘अ’ तुकडीत 38 मुलं, ‘ब’मध्ये 41. ‘अ’ला संशोधिकेने स्वतः 16 तासिका संख्यारेषा आणि कागदाच्या घड्या वापरून अपूर्णांक शिकवले. ‘ब’ला नेहमीच्या शिक्षकांनी नेहमीच्या पद्धतीने, तेवढ्याच तासिकांत. चाचणी 25 गुणांची. पूर्वचाचणीत सरासरी 11.2 आणि 10.9, उत्तरचाचणीत 17.8 आणि 14.1. ‘अ’ची वाढ 6.6, ‘ब’ची 3.2, म्हणजे ‘अ’ तुकडी 3.4 गुणांनी पुढे.

अशा प्रबंधात थकव्याच्या जोडीला आणखी एक ठरलेलं वाक्य येतं: ‘नमुना लहान होता.’ ऐकायला प्रामाणिक वाटतं, पण बोट चुकीच्या जागी ठेवतं. इथली अडचण 79 या आकड्यात नाही. मुलं एकेक करून दोन गटांत वाटलेली नव्हती, शाळेने पाडलेल्या तुकड्याच उचलल्या होत्या आणि प्रत्येक पद्धतीच्या वाट्याला एकच तुकडी आली. तुकडीचं वातावरण, वर्गशिक्षक, वेळापत्रक, हे सगळं पद्धतीशी चिकटून आलं. दोनच तुकड्यांत 200 मुलं कोंबली तरी हा दोष जाणार नाही. तो जाईल अनेक तुकड्या घेतल्यावर. ‘नमुना लहान’ म्हणणाऱ्याला हा फरक कळलेला नाही, असंच जाणता परीक्षक समजेल.

त्याहून मोठी अडचण शिकवणाऱ्या व्यक्तीची. नवी पद्धत आणि संशोधिका एकाच तुकडीत होत्या. 3.4 गुण कुणाचे, पद्धतीचे की तिच्या तयारीचे आणि उत्साहाचे? कोणतीही सांख्यिकी कसोटी लावली तरी या आराखड्यातून हे दोन वेगळे निघत नाहीत. प्रबंधाची खरी मर्यादा ही, आणि नेमकी हीच बहुतेकदा लिहिलेली नसते.

ती का लिहीत नाहीत, याचं उत्तर संशोधक आणि मार्गदर्शक दोघांकडून एकच मिळतं: ‘आपणच लिहून दिलं की बहिःस्थ परीक्षक मौखिक परीक्षेत तिथंच पकडतात.’ ही भीती खोटी नाही. पण परीक्षकाच्या हाती प्रकरण तीनमधला आराखडा असतोच, आणि ‘अ तुकडीस संशोधिकेने अध्यापन केले’ हे वाक्य त्यात छापलेलं असतं. दोष लपलेला नसतो, फक्त त्याच्यावरचा विचार गायब असतो. मौखिक परीक्षेत हा प्रश्न अचानक आला की उमेदवार गडबडतो. लिखाणात आधीच उत्तर असेल तर चर्चा त्या उत्तरापासून पुढे सरकते. डार्विनने 1859च्या ग्रंथात आपल्या सिद्धांतापुढच्या अडचणींना स्वतंत्र प्रकरण दिलं आणि जीवाश्मांच्या अपुऱ्या नोंदींना आणखी एक. विरोधकांचे सगळ्यांत वजनदार आक्षेप त्याने स्वतः मांडले, म्हणूनच ते किती खोल जातात हेही त्याला सांगता आलं.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. ते कबुली देतात आणि देतच राहतात: ‘या सर्व मर्यादांमुळे प्रस्तुत निष्कर्ष विश्वसनीय मानता येणार नाहीत.’ मग पदवी कशासाठी मागायची? यात नम्रता असेल, पण अचूकपणा नाही. शिकवणाऱ्या व्यक्तीची वरची मर्यादा ‘किती’ या प्रश्नाला लागते. मुलांच्या उत्तरपत्रिका, तयार केलेली चाचणी, पाठांचे आराखडे यांना ती शिवतही नाही. आणि सातवी सोडून सहावी घेतली, इंग्रजी माध्यम वगळलं, या तर परिमर्यादा. तो संशोधिकेचा निर्णय आहे. त्याचं कारण द्यायचं, दुबळेपणा म्हणून तो नोंदवायचा नाही.

मग लिहायचं कसं? माझ्या मते असं:

‘नव्या पद्धतीने संशोधिकेने स्वतः शिकवले, तर ‘ब’ तुकडीस नेहमीच्या शिक्षकांनी. त्यामुळे 3.4 गुणांच्या फरकातील किती भाग पद्धतीचा व किती व्यक्तीचा, हे या आराखड्यातून वेगळे काढता येत नाही. व्यक्तीचा प्रभाव असल्यास तो फरक वाढवणारा असण्याची शक्यता अधिक. मात्र या फरकातील 2.9 गुण अपूर्णांकांची तुलना व अंदाज या प्रश्नांवर आणि 0.5 गुण बेरीज-वजाबाकीच्या प्रश्नांवर मिळाले आहेत. केवळ उत्साहामुळे वाढ झाली असती, तर ती दोन्हीकडे दिसणे अपेक्षित होते. म्हणून पद्धतीचा काही परिणाम झाला असे मानण्यास आधार आहे. त्याचे नेमके प्रमाण सांगता येत नाही.’

या परिच्छेदात दोष पहिल्याच वाक्यात, आडपडदा न ठेवता आला. तो कोणत्या दाव्याला लागतो आणि निकाल कोणत्या बाजूला झुकवतो हे सांगितलं. मग आपल्याच सामग्रीतून त्याची तपासणी केली आणि शेवटी काय उरतं ते मोजकं लिहिलं. ‘तरीही’ आणि ‘परंतु’ यांची रांग लागली नाही. अर्थात ही तपासणी चालते ती दोन्ही तुकड्यांत तुलनेच्या प्रश्नांना सारखा वेळ मिळाला असेल तरच. ‘अ’मध्ये तो जास्त दिला असेल, तर 2.9 गुणांचं कारण तिथंही सापडू शकतं, आणि मग तेही त्याच परिच्छेदात लिहावं लागेल.

एवढं करूनही काम अर्धंच होतं, जर शेवटच्या प्रकरणात ‘कार्यक्रमाची परिणामकारकता सिद्ध झाली’ आणि ‘शासनाने तो सर्व शाळांत राबवावा’ ही वाक्यं तशीच राहिली. मर्यादा एका पानावर आणि बेफाम दावा दुसऱ्या पानावर, ही विसंगती योगदानाला कोणत्याही कबुलीपेक्षा जास्त इजा करते. शिफारस अशी हवी: हाच कार्यक्रम चार-पाच शाळांत तिथल्याच शिक्षकांच्या हातून घेऊन पाहावा. हा पुढच्या संशोधनाचा नेमका विषय आहे, आणि तो मर्यादेतूनच निघाला.

प्रबंध आता शोधगंगेवर जातो. परीक्षक मोजके, पण वाचणारे कुठलेही, आणि त्यांतला एखादा त्याच अपूर्णांकांवर पुढचं काम उभं करणार असतो. मार्गदर्शकांना म्हणून माझी विनंती आहे: आराखड्यातलं मर्यादांचं पान प्रबंधात उतरवू देऊ नका. विश्लेषण संपल्यावर ते कोऱ्या कागदावर नव्याने लिहायला सांगा, निष्कर्षांच्या लगत ठेवा, आणि त्यात थकव्याचं वाक्य दिसलं तर चाचणी कोणत्या तासाला घेतली ते आधी विचारा.