प्रोबेशन संपलं, पत्र आलंच नाही

बोईसर-तारापूर एमआयडीसीत नव्याने लागलेली मुलं हमखास विचारतात: सहा महिने झाले, कन्फर्मेशनचं पत्र नाही, एचआर म्हणतं "होईल". मग आपण कायम झालो का?

उत्तर नेमणूकपत्रातल्या एका वाक्यात असतं. समजा, तुम्ही १ जूनला रुजू झालात आणि पत्रात "सहा महिने प्रोबेशन, फार तर तीन महिने वाढ" असं आहे. म्हणजे फेब्रुवारीअखेर कमाल मुदत संपली. पंजाबातल्या शिक्षकांच्या धरमसिंग खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की नियमातली कमाल मुदत उलटूनही कामावर ठेवलं तर तो माणूस कायम झाला असं मानावं. हा निकाल सरकारी सेवेतला. खासगी कंपनीत भांडताना आधार मात्र याच तर्काचा. पण पत्रात "लेखी कन्फर्म करेपर्यंत प्रोबेशन चालू राहील" असं असेल, तर नुसते दिवस उलटून कोणी कायम होत नाही.

म्हणून मुदत संपायच्या आठवडाभर आधी एचआरला ईमेल करा. रुजू झाल्याची आणि मुदत संपण्याची तारीख लिहा, मग दोनच प्रश्न विचारा: कन्फर्मेशन कधी? वाढवत असाल तर किती दिवस, आणि कामात नेमकं काय कमी पडलं? तोंडी उत्तर मिळालं तर तेच ईमेलवर लिहून पाठवा.

मुदतवाढीचं पत्र मागची तारीख टाकून पुढे आलं, तर सहीखाली ते हातात पडल्याची खरी तारीख लिहा आणि फोटो काढून ठेवा. गुपचूप झालेली वाढ तिथेच उघडी पडते.