संगनमत सिद्ध करा, मग बोला

हिंगोलीच्या कोर्टात वकिली करणाऱ्याला एक वाक्य झोपेतही पाठ असतं: 'आरोपींनी आपसात संगनमत करून'. फिर्याद भावकीतल्या बांधाची असो, सोयाबीनच्या थकलेल्या पैशांची असो की नोकरी लावून देतो म्हणून घेतलेल्या रकमेची, हे वाक्य आलंच म्हणून समजा. संगनमत कधी झालं, कुठे झालं, कोण कोणाला काय म्हणालं, याचा मात्र पुढच्या सगळ्या चार्जशीटमध्ये पत्ता नसतो. एक माणूस गुन्हा करतो आणि त्याच्यासोबत त्याचा मेहुणा, चुलतभाऊ आणि ज्याच्या फोनवरून एकदा कॉल लागला तो टपरीवाला, असे सगळे एकाच दोरीत बांधले जातात. पूर्वी त्या दोरीचं नाव १२० ब होतं. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेचं कलम ६१ झाली. नंबर बदलला, बांधायची खोड गेली नाही.

मला हे कलम नको आहे असं नाही. उलट, कटाच्या कायद्याइतका शहाणा कायदा थोडाच असेल. नुकसान व्हायच्या आधी, नुसतं ठरलं तिथेच हात धरता यावा म्हणून तो आहे. पण जिथे दुसरं काहीच घडलेलं नाही, जिथे 'ठरणं' हाच सगळा गुन्हा आहे, तिथे ते ठरणं सर्वांत कसून सिद्ध करायला हवं. आपल्याकडे नेमकं तेच सर्वांत कमी सिद्ध केलं जातं.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. समजा, वसमतच्या एका व्यापाऱ्याने हळदीचे पैसे बुडवले. दोन भाऊ आणि त्यांचे दाजी रात्री आखाड्यावर बसले. थोरला म्हणाला, "अमावास्येला त्याचं गोदाम पेटवायचं. धाकट्या, डिझेल तू आण. दाजी, वॉचमन तुमच्याकडं." धाकटा "आणतो" म्हणाला, दाजी "बघतो त्याचं" म्हणाले. झालं. गुन्हा इथे पूर्ण झाला. डिझेल आणलेलं नाही, वॉचमनला कोणी भेटलेलं नाही, व्यापाऱ्याला खबरही नाही. तरी तिघेही कटाचे गुन्हेगार. सकाळी दाजींची शुद्ध जागेवर आली आणि त्यांनी "मला यात धरू नका" असा निरोप धाडला, तरी रात्रीचा गुन्हा पुसला जात नाही. शिक्षा ठरवताना त्याचा उपयोग होईल, पुढे भावांनी जे केलं त्यातून सुटायलाही होईल, एवढंच.

शिक्षा किती? माल ठेवायच्या इमारतीला आग लावण्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. एवढ्या जड गुन्ह्याचा कट केला की तो गुन्हा करायला चिथावणी दिल्यासारखं धरतात, आणि गुन्हा घडलाच नाही तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुसत्या बोलण्याला सात वर्षं. म्हणून तर ते बोलणं नीट तपासायचं.

आता याच आखाड्यावर आणखी दोघे आहेत. सालगडी बाजूला बैल बांधत होता, त्याने सगळं ऐकलं आणि तो गप्प बसला. शेजारच्या शेतातले काका येऊन "पेटवायलाच पाहिजे त्याला" म्हणाले आणि तंबाखू मळत निघून गेले. या दोघांचा कट आहे का? नाही. ऐकणं म्हणजे ठरवणं नव्हे, रागाने बोलणं म्हणजेही नव्हे. कटाला दोन मनं एका कामावर एक व्हावी लागतात. आणि तिघांनी जर एवढंच ठरवलं असतं की, 'या व्यापाऱ्याशी केलेला सौदा मोडू, माल दुसऱ्याला देऊ', तर ते बेकायदेशीर असलं तरी गुन्हा नाही. अशा वेळी नुसतं ठरणं पुरत नाही, ठरल्यानंतर त्या दिशेने काहीतरी कृती झालेली दाखवावी लागते. हे सगळं कलमातच लिहिलेलं आहे. वाचायचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात.

प्रत्यक्षात अशा प्रकरणात पोलिस काय करतात? सालगडी आणि काका दोघेही आरोपी होतात, कारण 'घटनास्थळी हजर' होते. खरं 'बघतो त्याचं' म्हणणारे दाजी मात्र कोणाच्या तरी ओळखीने साक्षीदार होऊन बसतात.

या कायद्याची गरज का पडते, हे हिंगोलीकराला बाहेरच्या उदाहरणाने सांगायची गरज नाही. निजामाच्या मुलखातली ही हैदराबाद कंटिन्जंटची छावणी. दख्खनमधल्या ठगांविरुद्ध स्लीमनने १८३३ च्या सुमारास मोहीम सुरू केली, त्यात हिंगोलीचं नाव अगदी आधी येतं. इथे हरीसिंग नावाचा एक व्यापारी होता. प्रतिष्ठित माणूस, निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी मेडोज टेलर यानेही त्याच्याशी देवघेव केलेली. १८३९ साली आलेल्या ठगांवरच्या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत टेलरने ही हकिकत लिहून ठेवली आहे. हरीसिंगाने जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणायचा परवाना मागितला. ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं होतं आणि मालकासह वाटेवर होतं, हे हरीसिंगाला ठाऊक होतं. परवाना खिशात घालून त्याने त्या व्यापाऱ्याला, नोकरांना आणि जनावरं हाकणाऱ्यांना मारलं, माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उजळ माथ्याने विकला. पकडल्यानंतर त्याने स्वतःच सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं. त्याच्या ठगांच्या टोळीने छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत आणखीही माणसं मारली होती. प्रेतं उकरून काढताना टेलर तिथे उभा होता.

आता विचार करा. हरीसिंग कॅप्टनसमोर हात जोडून परवाना मागत होता, त्या घटकेला रक्ताचा एक थेंब सांडलेला नव्हता. अर्ज कायदेशीर, परवाना कायदेशीर. पण टोळीत खुनाचं ठरलेलं होतं. तेव्हाच त्याला धरता आलं असतं तर तो व्यापारी, त्याचे नोकर, हाकणारे सगळे घरी पोहोचले असते. कटाचं कलम याच घटकेसाठी असतं. ज्याला 'नुसत्या बोलण्याला शिक्षा कसली?' असं वाटतं, त्याने हरीसिंगाचा परवाना आठवावा.

आणि कंपनी सरकारने काय केलं? १८३६ चा ३० वा कायदा केला. जो कोणी ठगांच्या टोळीतला होता असं सिद्ध होईल, कायदा येण्याआधी असो वा नंतर, कंपनीच्या मुलखात असो वा बाहेर, त्याला जन्मभर सक्तमजुरी. मुलखाबाहेर म्हणजे हिंगोलीही त्यात आली. कोणता खून, कोणाचा, कधी, काही सिद्ध करायची गरज नाही. एवढंच काय, खुनाचं ठरवलं होतं हेही सिद्ध करायची गरज नाही. टोळीतला होता, बस. आणि टोळीतला होता हे सांगणार कोण? माफीचा साक्षीदार. म्हणजे फाशीच्या दारातून परत आणलेला माणूस, ज्याचा जीव इतरांची नावं घेण्यावर लटकलेला. हरीसिंगासारखे खरे ठगही त्यात सापडले, नाही म्हणत नाही. पण अशा चाळणीतून किती निरपराध सुटले असतील याची कल्पना ज्याची त्याने करावी.

टोळीत असणं हा गुन्हा आणि गुन्हा करायचं ठरवणं हा गुन्हा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९१३ साली दंडसंहितेत १२० अ आणि १२० ब आली तेव्हा कायद्याने ठरवण्यावर बोट ठेवलं, ओळखीवर किंवा नात्यावर नाही. दंडसंहितेतलं ठगाचं कलम नव्या न्यायसंहितेतून गेलंही. पण तपासाच्या सवयीतून ते गेलेलं नाही. आजही ठाण्यात विचार तोच चालतो: हा त्याच्याबरोबर असायचा का? असायचा. मग घ्या.

या कायद्याचं दुसरं दुखणं याच्या बरोबर उलट आहे. जिथे तो आधी वापरायचा तिथे वापरला जात नाही. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाउसमध्ये मदनलाल पाहवाने स्फोट केला आणि तो तिथेच पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी मुंबईत प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मोरारजी देसाईंना, म्हणजे मुंबई प्रांताच्या खुद्द गृहमंत्र्यांना, मदनलालकडून काय कानावर आलं होतं ते सांगितलं. कट समोर होता, एक कटवाला कोठडीत होता. तरी दहा दिवसांनी गांधीजींचा खून झाला. पुढे खटल्यात त्याच मदनलालला कटात दोषी धरून जन्मठेप झाली, खुनाच्या दिवशी तो कोठडीत असूनही. ते कायद्याला धरूनच झालं. माणूस तुरुंगात असला तरी त्याने ठरवलेलं तुरुंगात बसत नाही. पण जो कायदा खुनानंतर एवढा लांबवर पोहोचला, तो खुनाआधीच्या दहा दिवसांत पुणे-मुंबईपर्यंत का पोहोचला नाही? याच खटल्यात बडगे माफीचा साक्षीदार होता. सावरकरांबद्दलच्या त्याच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही आणि ते निर्दोष सुटले. देशाच्या सर्वांत मोठ्या खुनाच्या खटल्यात कोर्टाने दुजोरा मागितला. मग टपरीवाल्याच्या खटल्यात तो मागायला कोणाची लाज वाटते?

नेहमीचं उत्तर मला माहीत आहे: "वकीलसाहेब, कट कोणी स्टॅम्प पेपरवर करत नाही." मान्य. परिस्थितीवरूनच तो सिद्ध करायचा असतो. पण परिस्थिती म्हणजे कॉल रेकॉर्ड नव्हे. दाजींनी मेहुण्याला फोन केला यावरून फोन झाला एवढंच कळतं, काय ठरलं ते कळत नाही. तो फोन डिझेल घ्यायच्या आधीचा, त्यानंतर लगेच वॉचमनची भेट, आणि त्या रात्री ठरल्याप्रमाणे वॉचमन गैरहजर, अशी साखळी दाखवा. मग मी खाली बसतो. एकाच्या बोलण्याचा दुसऱ्याविरुद्ध वापर करायचा तर आधी कट असल्याचा सबळ आधार दाखवावा लागतो, आणि ते बोलणं कट चालू असतानाचं असावं लागतं. १९४० साली प्रिव्ही कौन्सिलने मिर्झा अकबर खटल्यात हे स्पष्ट केलं. पकडल्यावर एकाने ठाण्यात घेतलेली चार नावं त्या चौघांविरुद्ध चालत नाहीत. तरी चार्जशीटचा अर्धा डोलारा त्याच नावांवर उभा असतो.

आणि कटाला किमान दोघे लागतात. १९५५ साली मुंबईच्या तोपनदास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्यांच्याबरोबर कट केल्याचा आरोप आहे ते सगळे सुटले, तर एकट्याला कटाची शिक्षा देता येत नाही. उगाच नावं वाढवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. कच्चे चौघे सुटले की पक्का पाचवाही त्यांच्याबरोबर कटाच्या आरोपातून निसटतो. दाजी साक्षीदार न होता आरोपी झालेच, तरी खरंच वॉचमन 'बघितलेले' ते मग पेढे वाटत कोर्टाबाहेर पडतात.

म्हणून माझी मागणी कायदा बदलण्याची नाही. चार्ज ठेवताना प्रत्येक न्यायाधीशाने तपास अधिकाऱ्याला चार प्रश्न विचारावेत: काय करायचं ठरलं? कोणाकोणात ठरलं? साधारण कधी ठरलं? आणि या आरोपीने 'हो' म्हटल्याचं तुम्हाला कशावरून कळलं? चौथ्याला उत्तर 'तो त्यांच्याबरोबर असायचा' असं आलं, तर त्या माणसाला तिथेच दोषमुक्त करून घरी पाठवावं. १८३६ चा कायदा केव्हाच संपला, हे ठाण्यापर्यंत पोहोचवायचं काम वकिलाला एकट्याने जमणारं नाही. ते कोर्टानेच करायचं.