डिस्चार्ज कार्डाचे पहिले पान

अठरा दिवसांनी माणूस दवाखान्यातून घरी येतो तेव्हा पिशवीत रिपोर्टांची जाडजूड फाईल असते. देहूतील आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे बाहेर रांग लागलेली असते. ते एक पान वाचतील, सगळी फाईल चाळणार नाहीत.

समजा, साखर आणि ब्लडप्रेशर असलेला ५५ वर्षांचा कामगार न्यूमोनियाने दाखल झाला. किडनीवर ताण येऊन क्रिएटिनिन १.० वरून ३.२ वर गेले, घरी येताना १.६ झाले. रोजच्या तापाचा तक्ता फॅमिली डॉक्टरांना नको. हे तीन आकडे त्यांना पुरेत.

मग गोळ्या. नव्या गोळ्यांची यादी कार्डावर असते, बंद केलेल्यांची बहुधा राहून जाते. 'मेटफॉर्मिन व टेल्मिसार्टन किडनीमुळे तूर्त बंद. आठवड्याने क्रिएटिनिन पाहून ठरवावे' एवढी ओळ हवी. ती नसली तर घरची माणसे जुन्या डब्यातल्या गोळ्या पुन्हा देऊ लागतात, नाहीतर गोळी कायमचीच सुटते.

तिसरे म्हणजे राहिलेले रिपोर्ट. थुंकीच्या टीबी कल्चरला सहा आठवडेही लागतात. तोवर माणूस घरी आलेला असतो. तो रिपोर्ट कुठून, कधी आणायचा, हेही लिहिलेले हवे.

म्हणून सुट्टी होण्याआधी वॉर्डातच विचारा: काय झाले, कोणती गोळी का बंद केली, कोणता रिपोर्ट बाकी आहे? उत्तरे कार्डाच्या पहिल्याच पानावर लिहून मागा. फाईल घरी जपून ठेवा. फॅमिली डॉक्टरांपुढे आधी ते पान ठेवा.