२० टक्के सूट मिळाली, तरी बिल जास्त कसं? हॉटेलचं बिल असं तपासा

टेबलावर पाटी असते '२० टक्के सूट'. आपण खूश होऊन ऑर्डर देतो. बिल येतं, त्यात सूट दिसते, सर्व्हिस चार्ज दिसतो, सीजीएसटी आणि एसजीएसटी दिसतात. आकडे कोणत्या क्रमाने मांडलेत हे मात्र सहसा कोणी पाहत नाही, आणि फरक नेमका तिथेच पडतो.

एक उदाहरण घेऊ. चौघांनी २,००० रुपयांचं जेवण केलं. सूट २० टक्के, सर्व्हिस चार्ज १० टक्के, जीएसटी ५ टक्के.

पहिली पद्धत: आधी सूट

२,००० मधून ४०० वजा केले, उरले १,६००. त्यावर सर्व्हिस चार्ज १६०, म्हणजे १,७६०. त्यावर जीएसटी ८८. एकूण १,८४८ रुपये.

दुसरी पद्धत: सूट सगळ्यात शेवटी

२,००० वर सर्व्हिस चार्ज २००, झाले २,२००. त्यावर जीएसटी ११०, झाले २,३१०. आता त्यातून सुटीचे ४०० वजा. एकूण १,९१० रुपये.

जेवण तेच, सूट तीच, तरी ६२ रुपये जास्त गेले. त्यातले ४० रुपये वाढीव सर्व्हिस चार्जचे आणि २२ रुपये वाढीव कराचे.

इथे एक गंमत आहे. शेवटच्या २,३१० रुपयांवरच २० टक्के सूट दिली असती, तरी उत्तर १,८४८ च आलं असतं. म्हणजे सूट शेवटी लिहिली म्हणून बिल चुकत नाही. सूट फक्त जेवणाच्या रकमेवर मोजायची आणि कर व सर्व्हिस चार्ज मात्र मूळ रकमेवर लावायचे, असं केलं की ते फुगतं.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १५ नुसार, विक्रीआधी किंवा विक्रीच्या वेळी दिलेली आणि बिलावर नोंदवलेली सूट करपात्र रकमेत धरली जात नाही. म्हणजे हॉटेलने स्वतः बिलावर सूट दिली असेल, तर कर सूट वजा झाल्यावरच्या रकमेवर लागायला हवा.

बँकेच्या कार्डवर नंतर मिळणारा कॅशबॅक मात्र वेगळा. तिथे हॉटेलला पूर्ण पैसे मिळतात, त्यामुळे कर पूर्ण रकमेवर लागणं बरोबरच आहे.

सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

नाही. हा सरकारी कर नाही, तो हॉटेलकडेच जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात जोडू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये आणि तो बिलात धरून त्यावर जीएसटी लावू नये, असं त्यात स्पष्ट आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना कायम ठेवल्या. हॉटेल संघटनांनी त्याविरुद्ध अपील दाखल केलं आहे.

सर्व्हिस चार्ज काढला तर आपल्या उदाहरणातलं बिल होतं १,६०० अधिक जीएसटी ८०, म्हणजे १,६८०. हातात आलेल्या १,९१० च्या बिलापेक्षा २३० रुपये कमी.

टेबलावर बसूनच कसं ओळखायचं?

सोपी युक्ती आहे. सीजीएसटी आणि एसजीएसटीची बेरीज करा आणि तिला २० ने गुणा. कर ५ टक्के असेल, तर ज्या रकमेवर कर लावला ती रक्कम समोर येते. आपल्या उदाहरणात उत्तर १,६०० आलं, तर हिशेब बरोबर. १,७६० आलं, तर कर सर्व्हिस चार्जवरही लागला आहे. २,२०० आलं, तर त्याशिवाय सूटही वजा केलेली नाही. पैसे पूर्णांकात केल्यामुळे काही रुपये इकडेतिकडे होऊ शकतात, तेवढं सोडून द्या.

दोन ठिकाणी ही युक्ती थेट चालत नाही. महागड्या मोठ्या हॉटेलांमधल्या काही रेस्टॉरंटमध्ये जीएसटी १८ टक्के असतो. आणि दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट लागतो. त्यामुळे दारूची रक्कम बाजूला काढून फक्त जेवणाचा हिशेब करा.

चूक सापडली तर?

पैसे देण्याआधीच बोला. 'सर्व्हिस चार्ज काढा आणि सूट वजा करून कर लावा, नवीन बिल द्या' एवढं वाक्य पुरतं. नुसतं पेनाने खोडून दिलेलं बिल घेऊ नका, कारण त्यात कराचा आकडा जुनाच राहतो. हॉटेलने नकार दिला, तर बिलाचा फोटो काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. वेटरची सेवा आवडली असेल, तर टीप थेट त्याच्या हातात द्या. त्यावर कर लागत नाही.