अहवाल बरा, मग गोळी कशाला?

म्हापशातील एका औषधालयात परवा कानी आलेला संवाद वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. बहात्तर वर्षांच्या आजी. तीन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, धमनीत स्टेंट बसविलेला. रोजच्या गोळ्या नऊ. त्यांतली कोलेस्टेरॉलची तेवढी या महिन्यात नको, असे त्या म्हणाल्या. कारण विचारताच त्यांनी अहवाल पुढे केला. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, १४० वरून ६८ वर आले होते. दुखणे गेले, मग गोळी कशाला? तर्क चुकीचा असला तरी वेडगळ नव्हता. ताप उतरला की आपण औषध थांबवितोच.

फार्मासिस्ट तरुण होता, पण समजूतदार. ‘आजी, खाजनातले शेत कोरडे आहे म्हणून कुणी बांध फोडतो का?’ असे त्याने विचारले. कोलेस्टेरॉल केवळ खाण्यातून येत नाही; आपले यकृतच ते तयार करते. अटोरव्हास्टॅटिनची गोळी ही निर्मिती मंदावते, तेव्हा यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल अधिक ओढून घेते. गोळी थांबली की काही आठवड्यांतच आकडा पूर्वीच्या जागी जातो, आणि तो जाताना अंगाला काही जाणवत नाही. शिवाय स्टेंटने एकच जागा मोकळी केली. इतर धमन्यांच्या भिंतींतला चरबीचा थर तसाच आहे. तो फुटू नये, हे या गोळीचे काम. (आजींनी नारळ सोडला होता. आमच्या भागात हा त्याग लहान नव्हे, पण तेवढ्याने भागत नाही.)

आजींची खरी तक्रार निराळीच निघाली : पाय दुखतात. त्याने विचारले, दोन्ही मांड्या की एकच गुडघा? उजवा गुडघा, तोही जिना चढताना. मग हे सांध्याचे दुखणे असावे, असे त्याने सांगितले. गोळीने होणारे दुखणे बहुधा दोन्ही बाजूंच्या स्नायूंत येते. त्यासोबत अशक्तपणा वाढला, लघवी गडद झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

नंतर त्याने नऊही गोळ्या काउंटरवर मांडल्या. पित्ताची एकच गोळी दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिलेली सापडली! त्याने स्वतः काही बंद केले नाही. डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली. कमी करण्याजोगी गोळी होती, पण ती वेगळीच.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या, हृदयविकार कधीच न झालेल्या माणसाला ही गोळी किती उपयोगी, याचा पुरावा मात्र तितका भक्कम नाही. तेथे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. आजींचे तसे नाही.

रुग्णाला औषध समजावून देणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांत लिहिलेले आहे. आम्ही पाहतो त्या बहुतेक दुकानांत मात्र पाकीट आणि सुटे पैसे एवढाच व्यवहार होतो. या संवादाला दहा मिनिटे लागली, आणि मागे उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनी कुरकुर केली.