पत्ता चुकलेले प्रथिन

पेशीत नव्याने घडलेले प्रथिन कुठे जायचे, हे त्याच्याच अमिनो आम्लांच्या साखळीत लिहिलेले असते. हे दाखवणाऱ्या गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल मिळाले. हा पत्ता बिघडला तर काय होते, ते एजीटी या यकृतातील विकराकडे पाहून कळते.

एजीटीच्या शेपटाकडच्या तीन अमिनो आम्लांत पेरॉक्सिझोमचा पत्ता असतो. तिथे ते ग्लायऑक्सिलेटचे ग्लायसिन करते. काही जणांत अकराव्या जागी प्रोलीनऐवजी ल्युसिन असते. त्यामुळे साखळीच्या आरंभी मायटोकॉन्ड्रियाचा क्षीण पत्ता उमटतो. एरवी त्याने बिघडत नाही, कारण एजीटी चटकन घडी घालते आणि मायटोकॉन्ड्रियाच्या दारातून उलगडलेली साखळीच आत जाते. मात्र १७० व्या जागीही बदल झाला की घडी रेंगाळते आणि बहुतेक एजीटी मायटोकॉन्ड्रियात पोहोचते.

तिथेही विकर कार्यक्षमच असते. पण ग्लायऑक्सिलेट पेरॉक्सिझोममध्ये साचून त्याचे ऑक्झलेट होते आणि मूत्रपिंडात खडे धरतात. म्हणून यकृताच्या नमुन्यात विकराची क्रियाशीलता मोजणे पुरत नाही. ते कुठे आहे, हेही सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. अशा काही रुग्णांना ब-६ जीवनसत्त्वाचा उपयोग होतो. या अंकात अशाच पत्त्यांचा मागोवा घेतला आहे.

— संपादक