बाळंतिणीसाठीं एक न दिसणारा व्यायाम

नैसर्गिक प्रसूतीनंतर खोकतांना लघवीचे थेंब गळतात, ही गोष्ट सुना सासूबाईंजवळही काढीत नाहींत. म्हणून आम्ही येथें स्पष्टच लिहितों. कुशीवर निजून, वारा व लघवी एकदम रोखावी तशी खालची जागा आवळून आंत वर ओढावी. श्वास चालू ठेवावा, नितंब आवळूं नयेत. हात ठेवून पाहतां ती जागा खालीं फुगत असेल, तर तें कुंथणें झालें. आरंभीं 3 सेकंद धरून तितकीच विश्रांति. असें 5 वेळां, दिवसांतून तीनदां. साधेल तसें 10 सेकंद, 10 वेळांपर्यंत वाढवून मग बसून, उभ्यानें करावें. खोकला येतांच आधीं आवळावें. लघवीची धार अडवून मात्र सराव करूं नये. तीन महिन्यांनींही गळती राहिल्यास डॉक्टरीणबाईंस दाखवावें.